दुभाष्या कोण होता, हे अहवालात लिहिलंय का?



वर्गातलं एखादं मूल बोलत नाही, वाचत नाही, सूचना दिली तरी बघत राहतं, असं दिसलं की आपण त्याला तपासणीला पाठवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, नाव लिहून घेतं, पुढची चिठ्ठी देतं. मग मोठ्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ चाचणी घेतात आणि अहवाल येतो. तो आपण फाईलला लावतो आणि त्यावर मुलाची पुढची काही वर्षं ठरतात. पण मुलाच्या घरची भाषा तपासणाऱ्या मॅडमना येत नसेल, तर मधे कोण बसलं होतं? हे अहवालात बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. माझं मत स्पष्ट आहे. ते लिहिलेलं नसेल तर त्या अहवालातला बुद्ध्यांक शाळेने खरा धरू नये. का ते सांगते.

आमचं करंजा हे बंदराचं गाव. इथली मुलं घरी कोळी नाहीतर आगरी बोलतात, ती आपल्याला समजते, अडत नाही. पण कामासाठी लांबून आलेल्या कुटुंबांची मुलंही आता वर्गात असतात. असाच एक मुलगा, कलबुर्गीकडचा, सात वर्षांचा, दुसरीत. घरी कन्नड. शाळेत हाक मारली तरी वळायचा नाही आणि मराठी शब्द अर्धेच बोलायचा. तपासणीला आईसोबत त्याची सहावीतली बहीण गेली, कारण घरात मराठी नीट बोलणारी तीच. मीही सोबत होते. बहिणीने सगळं तोंडी भाषांतर केलं. अहवालात बुद्ध्यांक साठीच्या घरात आला आणि शेरा होता, ‘बौद्धिक अक्षमता, सौम्य’.

बहीण मदत करते, आणि तिथेच चाचणी बदलते

दुभाष्याकडून चुकीचा शब्द जाईल अशी आपल्याला भीती असते. खरी अडचण वेगळी असते. घरचा माणूस मुलाला सांभाळून घेतो. प्रश्न सोपा करतो, उत्तर नीटनेटकं करतो, नाहीतर ‘त्याला नाही येत’ म्हणून स्वतःच थांबतो. त्यामुळे आकडा वरही जाऊ शकतो आणि खालीही. परतताना मी बहिणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तो हळू बोलतो ना, मॅडमना घाई होती, म्हणून मीच नाही म्हणून सांगितलं.”

आता समजा भाषांतर अगदी प्रामाणिक झालं, तरी काय होतं ते बघा. चाचणीतले खरे प्रश्न उघड करायचे नसतात, म्हणून तसलेच माझे दोन प्रश्न घेते. पहिला: आंबा आणि केळं यांत सारखं काय? अपेक्षित उत्तर, दोन्ही फळं आहेत. मराठीत मुलाला ‘फळ’ हा शब्द स्वतः शोधावा लागतो. कन्नडमध्ये पिकलेला आंबा म्हणजे ‘माविन हण्णु’ आणि केळं म्हणजे ‘बाळे हण्णु’. हण्णु म्हणजे फळ. म्हणजे प्रश्नातच उत्तर आलं.

दुसऱ्या प्रश्नात उलटं होतं. मी अंक सांगते, तू तसेच परत म्हण. मराठीत ‘चार, सात, दोन’ हे एकेका दमात संपतात. कन्नडमध्ये तेच ‘नाल्कु, एळु, एरडु’. प्रत्येक अंक लांब, म्हणून तेवढेच अंक लक्षात ठेवायला जास्त जड. वेल्श भाषेतल्या लांब उच्चारांच्या अंकांमुळे तिथल्या मुलांचे याच प्रकारच्या चाचणीतले गुण कमी दिसतात, हे १९८० सालच्या एका अभ्यासात दाखवलं गेलं आहे. शिवाय अंक सेकंदाला एक, एकाच सुरात म्हणायचे असतात. आपल्या बाईसाहेब ते मोबाईल नंबरसारखे दोन-दोनच्या जोडीत म्हणाल्या. त्याने प्रश्न पुन्हा सोपा झाला.

म्हणजे एक प्रश्न सोपा झाला, दुसरा अवघड, तिसरा कसा झाला कुणालाच माहीत नाही. पण गुण मराठी मुलांच्या तक्त्याशी जुळवले. असा बुद्ध्यांक कमी म्हणा की जास्त, त्याला अर्थच उरत नाही.

गंमत अशी की आपल्याकडे वापरली जाणारी बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामतांनी जुन्या मुंबई इलाख्यात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांच्या मुलांसाठी बसवली होती. एका भाषेतली चाचणी दुसऱ्या भाषेत नेताना प्रश्न बदलावे लागतात, त्या भाषेच्या मुलांवर पुन्हा तपासावे लागतात, हे तेव्हाही माहीत होतं. ते काम टेबलावर बसून तोंडी होत नाही.

आईची हकीकत मुलीकडून विचारू नका

चाचणीइतकीच महत्त्वाची असते आईची मुलाखत. गरोदरपण, बाळंतपण, बाळ रडलं का, झटके आले का, आधीचं मूल गेलं का. अकरा वर्षांच्या मुलीसमोर आई हे सांगेल? आणि सांगितलं तरी त्या मुलीला मराठीत म्हणता येईल? पहिल्या तपासणीत आई बराच वेळ बोलली आणि बहिणीने सांगितलं, “काही नाही, ठीक होतं.” लांब बोलणं आणि त्याचं एका ओळीत भाषांतर, ही धोक्याची पहिली खूण. ती ओळखायला भाषा यावी लागत नाही.

याच मुलाखतीत एक वाक्य असं नोंदवलं गेलं: अंघोळीच्या वेळी कानात पाणी जातं. आम्ही फेरतपासणी मागितली आणि या वेळी कन्नड माध्यमाच्या एका शिक्षिकेला सोबत नेलं. त्यांनी तोच प्रश्न आईला विचारला. आईचं म्हणणं होतं, कानातून पाणी येतं, दोन वर्षं झाली, कधी वासही येतो. कान वाहत होता! जाणं आणि येणं एवढाच फरक. मग आधी कानाच्या डॉक्टरांकडे, नंतर श्रवणचाचणी. दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं. हाक मारली तरी न वळण्याचं, अर्ध्या शब्दांचं बरंचसं कारण तिथे सापडलं.

दुसऱ्या वेळी काय वेगळं केलं

आत जायच्या आधी पंधरा मिनिटं मॅडम आणि शिक्षिका दोघीच बसल्या. काय विचारायचं, कशासाठी, हे ठरलं. नियम तीन: जे बोललं जाईल तेच सांगायचं, चुकीचं असलं तरी दुरुस्त करायचं नाही, आणि मुलाला नजरेने किंवा हाताने इशारा द्यायचा नाही. एखादा प्रश्न कन्नडमध्ये नेताच येत नसेल तर तिथेच थांबून मॅडमना सांगायचं.

मुलाखतीत मॅडम आईकडे बघून बोलल्या, दुभाष्याकडे बघून नाही. “हिला विचारा, कधी बोलायला लागला” असं न म्हणता थेट “तुमचा मुलगा पहिला शब्द कधी बोलला?” एका वेळी एकच छोटं वाक्य. महत्त्वाच्या उत्तरावर मॅडम आपल्याला समजलं ते परत सांगायच्या आणि शिक्षिका ते आईला कन्नडमध्ये ऐकवून खात्री करायच्या.

मुलाकडून ठोकळे साच्यात बसवण्यासारख्या, हातवाऱ्यांनी समजावता येणाऱ्या गोष्टी करून घेतल्या. त्या त्याने वयाप्रमाणे केल्या. मग शिक्षिकेने त्याला चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावली आणि ती रेकॉर्ड केली. शेवटी दोघी पुन्हा बसल्या. इथे शिक्षिकेने एक मोलाची गोष्ट सांगितली. तो ‘घर’ला ‘गर’ म्हणतो हा दोष आधीच्या अहवालात लिहिला होता. पण कन्नड बोलीत ख, घ, भ यांचा हकार सहसा उच्चारलाच जात नाही. तो उच्चारदोष नाही, ती त्याची भाषा आहे. मात्र कन्नडमध्येही तो काही शब्दांचे शेवट गाळत होता, ती खरी अडचण. भाषेचा मूळ दोष असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो. फक्त मराठीत दिसत असेल तर मूल मराठी शिकतंय, एवढाच त्याचा अर्थ.

नव्या अहवालात बुद्ध्यांक नाही. काय केलं, कोणत्या भाषेत, कोणाच्या मदतीने, आणि कानाच्या उपचारानंतर सहा महिन्यांनी पुन्हा पाहावं, असं लिहिलंय. मुलगा एकदम पुढे गेला असं नाही. वाचनात तो अजून मागे आहे, मदत लागतेच. पण ‘सौम्य अक्षमता’ हा शिक्का फाईलवर नाही.

दुभाष्या आणायचा कुठून?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच, कारण रुग्णालयाच्या ओपीडीत दुभाष्याचं पद सहसा नसतं. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठीशिवाय हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा माध्यमांत चालतात. तिथले शिक्षक फोनवरून आईच्या मुलाखतीला नक्की मदत करू शकतात. चाचणीला मात्र माणूस समोर लागतो.

पण आधी पालकांना विचारा, घरी एकमेकांशी काय बोलता? कलबुर्गीकडून आलंय म्हणजे कन्नडच असं नाही. तांड्यावरचं कुटुंब असेल तर घरी बंजारा बोली असते. आणि कोपऱ्यावरच्या उडपी हॉटेलवाल्या अण्णांना कन्नड येतं म्हणून बसवू नका. त्यांचं किनारपट्टीचं कन्नड कलबुर्गीच्या बोलीपेक्षा वेगळं, आणि घरी ते बऱ्याचदा तुळू बोलतात. वर्गशिक्षकानेही शक्यतो दुभाष्या होऊ नये. मूल मागे आहे असं म्हणून आपणच त्याला पाठवलेलं असतं, आपलं मत आधीच झालेलं असतं.

कोणीच मिळालं नाही तर? तर चाचणी पुढे ढकलावी. कान आणि डोळे त्याच दिवशी तपासून घ्यावेत, त्याला भाषा फारशी लागत नाही. लांब राहणाऱ्या, रोजंदारी बुडवून आलेल्या आईला परत बोलावणं जड जातं, हे मला कळतं. पण चुकीचा आकडा त्याहून जास्त वर्षं त्या मुलाला भोवतो.

म्हणून पुढच्या वेळी चिठ्ठीसोबत एक कागद जोडा. घरची भाषा, गाव, मूल मराठी कधीपासून ऐकतंय, भावंडांच्या तुलनेत ते कधी बोललं असं आई म्हणते, आणि सोबत येणारा दुभाष्या कोण. अहवाल आला की आधी भाषेची ओळ शोधा. नसेल तर शाळेच्या पत्राने ती मागा.