‘आपले’ घर नेमके कुणाचे?

भोपाळच्या अशोका गार्डनमधल्या एखाद्या घराचा हिंदी भाडेकरार मराठीत आणायचा आहे असे धरा. मूळ वाक्य आहे, ‘मैंने अपना मकान किराए पर दिया.’ हिंदीच्या सरावातला अनुवादक सहज लिहून जातो, ‘मी आपले घर भाड्याने दिले.’ वाचणाऱ्याला मात्र वाटते, याने तुमचे घर देऊन टाकले!

हिंदीत ‘अपना’ तिन्ही पुरुषांना चालतो, आणि आदरार्थी ‘आपका’ त्याहून वेगळा असतो. मराठीत ‘आपले’ हे एकच रूप स्वतःचे, आपल्या सगळ्यांचे आणि आदराने तुमचे, असे तिन्ही अर्थ वाहते. म्हणून मराठीचा स्वाभाविक कल ‘मी माझे’, ‘तू तुझे’ असा आहे. ‘आपले’ मुख्यतः तृतीय पुरुषात येते: ‘त्याने आपले घर दिले.’ तिथे ते हवेच, कारण ‘त्याने त्याचे घर दिले’ म्हटले की घर तिसऱ्याच कुणाचे तरी वाटू शकते.

दुरुस्तीच्या कलमात पेच वाढतो. ‘भाडेकरूने घरमालकाला आपल्या खर्चाने दुरुस्ती करायला सांगितले.’ पैसे कोण भरणार? ‘आपल्या’ दूरच्या भाडेकरूपर्यंतही पोचते. ‘स्वतःच्या’ लिहिले तर कल जवळच्या कर्त्याकडे, म्हणजे घरमालकाकडे झुकतो. पण करारात नुसत्या कलावर विसंबू नये. ‘घरमालकाच्या खर्चाने’ असे नाम पुन्हा लिहावे. पुनरुक्ती कानाला खटकली तरी चालेल, भांडण टळते.

‘स्वतः’ आत्मवाचक आहे की केवळ जोर देणारे, हे ते काढून पाहिले की कळते. ‘त्याने स्वतः खोली रंगवली’ यातून ‘स्वतः’ गेले तरी वाक्य उभे राहते. तो जोर आहे. ‘त्याने स्वतःला जामीनदार म्हणवले’ यातून ‘स्वतःला’ काढले की भोक पडते. जोराचे ‘स्वतः’ ज्याच्यावर जोर द्यायचा त्याला चिकटून ठेवा. ‘घरमालकाने भाडेकरूला स्वतः येऊन किल्ली द्यायला सांगितले’ यात कोण येणार ते डळमळते. घरमालकाच्याच तोंडून सूचना आली असे म्हणायचे असेल तर ‘खुद्द घरमालकाने’ लिहा; ‘खुद्द’ नामाच्या आधीच बसते, हलत नाही.

दोघांसाठी एक शब्द आणि अनेकांसाठी दुसरा, हा इंग्रजी शाळेतला नियम मराठीवर लादू नका. ‘एकमेक’ दोघांनाही पुरते, दहांनाही. जपायचे ते वेगळ्या ठिकाणी. ‘दोघांनी एकमेकांच्या सह्या केल्या’ म्हणजे ह्याची सही त्याने आणि त्याची ह्याने केली; अभिप्रेत असते ‘आपापल्या’. तीन भाडेकरू ‘आपले भाडे भरतील’ म्हटले तर एकत्र की वेगवेगळे, हे कळत नाही. ‘आपापले’ म्हटले की प्रत्येकाचा वाटा सुटा होतो.

आणि ‘परस्पर’. ‘परस्पर संमतीने’ ठीक आहे. पण ‘दोघांनी परस्पर हिशोब मिटवला’ हे वाचून मराठी माणूस विचारतो, कुणाला न विचारता? हिंदीत तो अर्थ डोकावत नाही, म्हणून प्रूफ तपासताना इथे थांबा आणि ‘आपसात’ लिहा.