बाटली घरी अख्खी पोचावी म्हणून

परदेशातून येताना चांगल्या स्कॉचची किंवा वाइनची बाटली आणायची तर बहुतेकांना काळजी असते ती फुटण्याची. पण फुटण्याच्या आधीच ती हातची जाऊ शकते, सुरक्षा तपासणीच्या टेबलावर. म्हणून खरेदीच्या आधी आपल्या तिकिटाकडे बघा. विमान कुठे बदलायचं आहे आणि बॅगा कुठे ताब्यात घ्यायच्या आहेत, यावर बाटली कुठून घ्यायची ते ठरतं.

समजा, तुम्ही लंडनहून दुबईमार्गे मुंबईला आणि तिथून पुढे नागपूरला येताय. लंडनच्या ड्यूटी-फ्रीमध्ये घेतलेली बाटली दुकानदार एका पारदर्शक सीलबंद पिशवीत घालून देतो आणि पावती आतच ठेवतो. दुबईला विमान बदलताना तपासणीवाले ती पिशवी बघतात. सील शाबूत असेल आणि पावती ताजी असेल तर सहसा जाऊ देतात. पिशवी वाटेत उघडली, अगदी सोबतच्या माणसाला लेबल दाखवायला उघडली, तरी ती शंभर मिलीलीटरच्या वरची साधी बाटली ठरते आणि तिथेच राहते. घरी पोचेपर्यंत ती पिशवी उघडू नका, हे मी आग्रहानं सांगतो.

मुंबईत खरी मेख आहे. तिथे बहुतेक वेळा तुमच्या मोठ्या बॅगा पट्ट्यावरून घ्याव्या लागतात, कस्टम्स पार करावं लागतं आणि नागपूरच्या विमानासाठी पुन्हा चेक-इन आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. हीच तुमची संधी समजा. पट्ट्यावरून बॅग हातात आली आणि कस्टम्स झालं की बाजूला जाऊन बाटली मोठ्या बॅगेत घाला, मगच ती चेक-इनला द्या. त्यासाठी बॅगेत मधोमध जागा आणि दोन जाड कपडे आधीपासून मोकळे ठेवा. हाच नियम उलट दिशेनंही लागू पडतो. मुलाकडे अमेरिकेला जाताना पहिल्या अमेरिकन विमानतळावर बॅगा घ्याव्या लागतात आणि पुढचं देशांतर्गत विमान पकडायचं असेल तर बाटली तिथे बॅगेत जायला हवी. ज्यांचं घर मुंबईतच आहे, त्यांनी मात्र एवढा खटाटोप करूच नये. उतरल्यावर कस्टम्सच्या अलीकडेच ड्यूटी-फ्रीचं दुकान आहे. तिथे घ्या, गाडीत ठेवा, घरी जा.

आता किती आणायची? भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं. आकडा सोपा वाटतो, पण ब्रिटनमधली स्कॉचची बाटली साधारण सातशे मिलीलीटरची असते. तीन घेतल्या की दोन लिटर शंभर झाले, म्हणजे मर्यादा ओलांडली. दोन सातशेच्या आणि एक पाचशेची घेतली तर एक लिटर नऊशे, बिनघोर. नवऱ्याचा उरलेला वाटा बायकोच्या नावावर जोडता येत नाही, ज्याची बाटली त्याच्याच हिशेबात. जास्त असेल तर रेड चॅनलमधून जाऊन सांगा आणि शुल्क भरा. ग्रीन चॅनलमधून गुपचूप निघणं म्हणजे बाटलीही जाईल आणि वर दंडही.

विमानाचा नियम वेगळा आहे आणि तो आगीच्या धोक्यासाठी आहे. चोवीस ते सत्तर टक्के अल्कोहोल असलेलं मद्य चेक-इन बॅगेत माणशी पाच लिटरपर्यंत चालतं, तेही दुकानातल्या मूळ बंद बाटलीत. वाइन आणि बिअर चोवीसच्या खाली, त्यामुळे त्यांना ही मर्यादा नाही. सत्तरच्या वरचं काहीच चालत नाही. ऑस्ट्रियाची ‘स्ट्रो ८०’ नावाची रम ऐंशी टक्क्यांची असते. आठवण म्हणून ती घेणाऱ्यांनी नावातला आकडा वाचावा. गोव्यात ओळखीच्या माणसानं जुन्या बाटलीत भरून दिलेली फेणीही मूळ बंद बाटलीच्या याच नियमामुळे विमानात नेता येत नाही. ती मूळ पॅकिंगमध्ये नसते. गोव्याची बाटली रस्त्यानं महाराष्ट्रात आणणाऱ्यांनी तर राज्याचा दारूबंदी कायदा विसरू नये. परवान्याशिवाय ती आणणं हा गुन्हा आहे आणि सीमेवर तपासणी होते.

बाटली निवडताना आधी तिचं तोंड बघा. फिरकीचं धातूचं झाकण प्रवासाला सगळ्यात चांगलं. लाकडी टोपीचं बूच हातानं सहज उपसून निघतं, तसंच ते बॅग आपटल्यावरही सैल होऊ शकतं. तशी बाटली घेतली तर बुचावर चिकटपट्टीचे दोन-तीन घट्ट वेढे द्या. मग खांदा बघा. उंच, सडपातळ मानेच्या किंवा कोरीव, कोनदार बाटल्या टाळा, कारण काच तिथेच तडकते. बुटकी, गोल खांद्याची, जाड तळाची बाटली घ्या. शॅम्पेन वर गेल्यावर दाबानं फुटते, अशी भीती अनेकांना असते. आतला दाब वातावरणाच्या साधारण सहापट असतो आणि बाटली त्यासाठीच जाड केलेली असते. सामानाच्या कप्प्यातला दाब केबिनइतकाच असतो, वर गेल्यावर तो साधारण पाव वातावरणानं कमी होतो. तेवढ्यानं काही होत नाही. फक्त बुचावरची तार हलवू नका. शॅम्पेनचा खरा त्रास वजनाचा आहे, कारण भरलेली बाटली दीड किलोच्या वर जाते. आणि मे महिन्यात येत असाल तर नाजूक वाइनपेक्षा व्हिस्की बरी. बॅग उन्हात उभी राहिली की वाइन बिघडते, व्हिस्कीला तेवढं काही होत नाही.

आता बांधणी. बाटली आधी झिपच्या प्लास्टिक पिशवीत, हवा काढून, आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत घाला. फुटली तरी लाल वाइन साड्यांपर्यंत पोचणार नाही. वर दोन जाड मोजे, एक तळाकडून आणि एक मानेकडून. मग ती जीन्सच्या एका पायात सरकवा आणि उरलेली जीन्स भोवती घट्ट गुंडाळा. व्हिस्कीचं कडक नळकांडं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. आतली बाटली त्यात खुळखुळते आणि आपटते. एक तर नळकांडं वेगळं ठेवा, नाहीतर रिकामी जागा मोज्यांनी भरून टाका.

बॅगेत जागा कुठे? ट्रॉली बॅगच्या पाठीमागच्या बाजूला हँडलच्या सळ्या असतात आणि खालच्या कोपऱ्यांत चाकांची घरं. बॅग फेकली की दणका तिथूनच आत येतो. म्हणून बाटली मधोमध, सगळीकडून निदान चार बोटं कपडे, तळ चाकांकडे नको. दोन बाटल्या असतील तर त्यांच्यामध्ये जाड स्वेटर हवाच. काच काचेला लागली की पहिली तीच फुटते. बुटांनाही बाटलीपासून दूर ठेवा. बॅग बंद करून दोन्ही हातांनी जोरात हलवा. आत काही सरकल्याचा धक्का हाताला जाणवला, तर पुन्हा उघडा आणि पोकळी भरा.

इतकं करूनही पट्ट्यावर आलेली बॅग ओली किंवा वास मारणारी दिसली तर आत हात घालू नका, काचा असतात. तिथेच विमान कंपनीच्या सामान कक्षात जाऊन तक्रार लिहून घ्या, फोटो काढा. काचेच्या वस्तूंची जबाबदारी कंपन्या बहुधा घेत नाहीत. पण बॅगेचं नुकसान झालं असेल तर ते तुम्ही तिथून बाहेर पडल्यावर सिद्ध करणं अवघड जातं.