‘भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे’: मामूंच्या वाक्याचा वीस वर्षांचा हिशोब

मालगुंडला ईदसाठी गेलो की जेवणानंतर ठरलेला विषय निघतो. मामू सुपारी कातरत विचारतात, “रत्नागिरीत अजून भाड्यानेच राहतोस? भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. तेवढाच हप्ता भर, घर तुझं होईल.” मामूंनी आखातात बावीस वर्षं काढली आणि त्या कमाईतून गावात चिऱ्याचं घर बांधलं. त्यांच्या शब्दाला वजन आहे, त्यामुळे मी बरीच वर्षं उलट बोललो नाही. या वेळी मात्र कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याच ओटीवर बसलो. तो हिशोब इथे मांडतोय, कारण माझ्या वयाच्या बहुतेक मुलामुलींना घरी हेच वाक्य ऐकावं लागतं.

उदाहरणासाठी रत्नागिरी शहरातला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊ. किंमत ४० लाख रुपये. तसाच फ्लॅट भाड्याने घेतला तर महिना १० हजार. हे आकडे मी सोपे धरलेत, तुम्ही तुमच्या गल्लीतले घाला. पण मामूंच्या “तेवढाच हप्ता” या दोन शब्दांतली चूक पहिल्याच ओळीत दिसते.

४० लाखांच्या घराला बँक ८० टक्के, म्हणजे ३२ लाख कर्ज देईल. उरलेले ८ लाख आपले. त्यावर मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के धरलं तर २ लाख ४० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. म्हणजे चावी हातात येण्याआधी १० लाख ७० हजार गेले. ३२ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २७,७७० रुपये येतो. भाडं १० हजार, हप्ता पावणेअठ्ठावीस हजार. “तेवढाच” कुठे राहिला?

शिवाय पहिल्या हप्त्यातले २२,६६७ रुपये निव्वळ व्याज असतं. मुद्दलातून कमी होतात जेमतेम ५,१००. भाडं पाण्यात जात असेल, तर व्याजही त्याच पाण्यात जातं, आणि सुरुवातीची बरीच वर्षं भाड्यापेक्षा जास्त जातं. वीस वर्षांत बँकेला एकूण सुमारे ६६ लाख ६५ हजार दिले जातात, त्यात व्याज ३४ लाख ६५ हजार.

घरमालकाला देखभालीचाही खर्च असतो. सोसायटीचं मासिक शुल्क, घरपट्टी, रंग, गच्चीची गळती. कोकणात हा खर्च कमी धरून चालत नाही. खारी हवा स्लॅबमधल्या सळया गंजवते, गंजलेली सळई फुगते आणि प्लॅस्टर सुटतं. मी पहिल्या वर्षी किमतीच्या एक टक्का, म्हणजे ४० हजार धरले आणि दरवर्षी सहा टक्के वाढ. भाडंही दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढतं असं धरलं.

आता खरी तुलना. घर घेणारा पहिल्या वर्षी हप्ता आणि देखभाल मिळून महिन्याला सुमारे ३१,१०० रुपये घालवतो, भाडेकरू १० हजार. फरक २१,१०० रुपयांचा. भाडं वाढत जातं तसा हा फरक आटतो, पण विसाव्या वर्षीसुद्धा भाडं ३०,२५० आणि मालकाचा खर्च ३७,८५० असतो. म्हणजे भाडेकरूकडे सुरुवातीचे १० लाख ७० हजार आणि दर महिन्याचा हा फरक, दोन्ही शिल्लक राहतात. ते त्याने गुंतवले आणि कर वजा जाता वर्षाला आठ टक्के मिळाले, तर वीस वर्षांनी त्याच्याकडे सुमारे १ कोटी ४८ लाख जमतात.

समोर मालकाचं घर. वीस वर्षांनी कर्ज फिटलेलं असतं आणि त्याची किंमत किती हे दरवाढीवर ठरतं. दरवर्षी पाच टक्के वाढलं तर १ कोटी ६ लाख. सहा टक्क्यांनी १ कोटी २८ लाख. सात टक्क्यांनी १ कोटी ५५ लाख. बरोबरीचा काटा पावणेसात टक्क्यांच्या आसपास येतो. त्याहून वेगाने घराची किंमत वाढली तर विकत घेणारा पुढे, नाहीतर भाडेकरू पुढे.

हा काटा गुंतवणुकीच्या परताव्याबरोबर सरकतो. भाडेकरूने पैसे सहाच टक्क्यांवर ठेवले तर तो सव्वापाचावर येतो, दहा टक्के मिळाले तर सव्वाआठाच्या वर जातो.

किंमत किती वाढते ते कसं ओळखायचं? गावात सगळे जमिनीचे भाव सांगतात. गणपतीपुळ्याच्या पर्यटनामुळे मालगुंडच्या रस्त्यालगतचा गुंठा कुठल्या कुठे गेला, म्हणून फ्लॅटही तसाच वाढेल असं वाटतं. पण जमीन जुनी होत नाही, इमारत होते. म्हणून नव्या इमारतीचा भाव बघू नका. ज्या इमारतीत घर घ्यायचं, तिथलाच किंवा शेजारचा जुना फ्लॅट पूर्वी कितीला विकला आणि आज कितीला जातो ते बघा. नोंदणी विभागाच्या ‘सूची क्रमांक २’मध्ये जुन्या खरेदीखतांचे आकडे मिळतात. साधा नियम असा: ७२ ला वाढीच्या टक्क्याने भागलं की किंमत दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. पावणेसात टक्के म्हणजे साडेदहा-अकरा वर्षं. जुना फ्लॅट त्याहून लवकर दुप्पट झाला असेल तर मामूंच्या बाजूने विचार करा. पंधरा वर्षं लागली असतील तर थांबा.

मामू इथवर ऐकून हसले. म्हणाले, “आणि तू दर महिन्याला एकवीस हजार खरंच बाजूला टाकशील?” हा प्रश्न माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा होता. भाडेकरूने सुरुवातीची रक्कम गुंतवली आणि मासिक फरक लग्नकार्यात, मोबाइलमध्ये, गाडीच्या हप्त्यात उडवला, तर वीस वर्षांनी हातात फक्त ५० लाख असतात. घर वर्षाला चारच टक्क्यांनी वाढलं तरी मालकाकडे ८७ लाखांची वस्तू असते. फरकाचा निम्मा भाग जरी गुंतवला तरी ९९ लाखांपर्यंत पोचतो, आणि पाच टक्क्यांनी वाढणारं घर त्याला मागे टाकतं. हप्ता ही सक्तीची बचत आहे. मामूंच्या पिढीला घराने श्रीमंत केलं ते मुख्यतः या सक्तीमुळे.

पण सक्तीलाही दगा होतो. गृहकर्जाचा दर बहुधा बदलता असतो. २०२२ च्या सुरुवातीला सात टक्क्यांनी ३२ लाख घेतलेल्याचा हप्ता २४,८१० होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर अडीच टक्क्यांनी वाढला. कर्जाचा दर साडेनऊ झाला तेव्हा नुसतं व्याजच महिन्याला २४,७३० झालं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलातून महिन्याला ऐंशी रुपये फिटणार. अशा वेळी बँका मुदत लांबवतात आणि हप्ता तोच दिसतो म्हणून कर्जदाराला कळतच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा. कर्ज असेल तर वर्षातून एकदा उरलेली मुदत आणि मुद्दल लेखी मागा.

आपल्यापैकी काहींना व्याज देणं-घेणं नकोच असतं. भारतात बिनव्याजी बँकिंगची वाट अजून उघडलेली नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. मग आयुष्यभर भाड्यानेच राहायचं का? त्याचाही हिशोब केला. वरचाच भाडेकरू फरक गुंतवत राहिला, परतावा आठ टक्के आणि घराची वाढ सहा टक्के धरली, तर सुमारे सतराव्या वर्षी तो तसाच फ्लॅट, मुद्रांकासकट, रोख घेऊ शकतो. ठेवी नको असतील तर शरियतच्या निकषांवर शेअर निवडणारे म्युच्युअल फंड आहेत, मात्र त्यांचा परतावा हमीचा नाही. परतावाही सहाच टक्के राहिला तर सतरा वर्षांत घर हाती येत नाही.

आता जे कागदावर बसत नाही ते. पहिलं घर शोधताना माझं नाव ऐकल्यावर एका मालकाने “आताच दिलं” म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दारावर ‘भाड्याने देणे’ची पाटी तशीच होती. दर अकरा महिन्यांनी ही परीक्षा द्यायची असेल, मुलांच्या शाळा बदलाव्या लागत असतील, तर त्याची किंमत हिशोबात धरायलाच हवी. मी ती अशी धरतो: शांतपणे राहण्यासाठी महिन्याला आणखी किती मोजायला मी तयार आहे? उत्तर ४ हजार असेल तर भाडं १४ हजार धरून गणित पुन्हा करा. काटा सरळ घर घेण्याकडे झुकतो. उलट मालक समंजस असेल तर करार तीन वर्षांचा करा आणि नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

आणखी एक. घर घेतलंच तर ते कोणाच्या नावावर? महाराष्ट्रात एकट्या स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. आमच्या उदाहरणात ४० हजार वाचतात. पण खरा मुद्दा बचतीचा नाही. तलाक किंवा वैधव्यानंतर माहेरच्या ओटीवर परत आलेल्या बहिणी आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्यांच्या नावावर भिंत असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

माझा निर्णय: अजून पाच वर्षं भाड्याने. नोकरी रत्नागिरीतच राहील याची मला खात्री नाही, आणि पाच वर्षांत घर विकावं लागलं तर मुद्रांकाचे पैसेही निघत नाहीत. पगाराच्या दुसऱ्या दिवशी फरकाची रक्कम खात्यातून आपोआप जाते. बायकोशी ठरलंय की ती सलग तीन महिने चुकली, तर मामूंचं म्हणणं खरं मानायचं आणि घर शोधायला लागायचं, तिच्या नावावर.