जिप्सम वावरात चालतं, मग पीओपीचा गणपती तलावात का नाही?

जळगाव/धुळे : २०२५ मध्ये २७ ऑगस्टला गणपती बसले. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी जूनमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे पीओपीच्या, मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी दिली. पण नदी, तलाव, समुद्रात त्या बुडवायला मोकळीक दिली नाही. नंतर २४ जुलैच्या आदेशात स्पष्ट केलं की सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचं विसर्जन कृत्रिम हौदातच करायचं. हा आदेश मार्च २०२६ पर्यंत लागू होता, म्हणजे नवरात्रातली देवी आणि माघी गणपतीही त्यात आले.

आदेश आला, पण पारावर एक प्रश्न फिरतोच आहे. "भाऊ, पीओपी म्हणजे जिप्समच ना? चोपण जमिनीत आपण जिप्समच्या गोण्या टाकतो, कृषी विभागच सांगतो. वावरात चालतं ते पाण्यात कसं काय विष होतं?" प्रश्न एकदम रास्त आहे. त्याचं नीट उत्तर कोणी देत नाही, म्हणून लोकांना वाटतं की हा नुसता शहरवाल्यांचा कायदा आहे.

पीओपी हे जिप्समच आहे, खरं आहे

जिप्समचा दगड साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवला की त्यातलं बरंच पाणी उडून जातं आणि पांढरी पूड राहते. तीच पीओपी. साच्यात ओतताना तिच्यात पाणी घालतात, ते पाणी ती परत शोषते आणि काही मिनिटांत दगडासारखी घट्ट होते. म्हणजे घरी आणलेली मूर्ती ही परत जिप्समच झालेली असते.

फरक आहे तो रूपाचा. वावरात आपण बारीक पूड टाकतो, ती मातीत मिसळते, वरून पाऊस किंवा भरणं होतं आणि पाणी खाली निचरून जातं. एक लीटर पाण्यात जिप्सम फार तर दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. आता हिशेब करा. दोन किलोची, फूटभराची मूर्ती पूर्ण विरघळायला निदान आठशे ते हजार लीटर पाणी लागेल, म्हणजे छतावरची एक मोठी टाकी. बादलीभर पाण्यात ती वर्षभर ठेवली तरी तशीच राहील.

मग तलावात तर लाखो लीटर पाणी असतं, तिथे का विरघळत नाही? कारण साचलेलं पाणी हलत नाही. मूर्तीला चिकटलेलं पाणी जिप्समने भरून जातं आणि तिथेच थांबतं. वरून रंगाचा थर असतो, तो पाणी आत जाऊ देत नाही. काही दिवसांत मूर्ती गाळात रुतते. आपल्याकडच्या नद्या बारमाही नाहीत. पांझरा असो की गिरणा, पाऊस संपला की धरणातून आवर्तन सुटेल तेव्हाच पाणी. पाणी उतरलं की तेच हात, तीच सोंड उघडी पडते. हौदात विसर्जन म्हणजे विटंबना असं म्हणणाऱ्यांनी मार्चमध्ये एकदा बंधाऱ्यात उतरून पाहावं.

मग पाण्याला अपाय नेमका कशाने?

आधी जिप्समचा हिशेब. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं धरा. त्यात साधारण वीस लाख लीटर पाणी बसतं. गावाने त्यात दोन किलोच्या शंभर मूर्ती टाकल्या, म्हणजे दोनशे किलो जिप्सम. सगळं विरघळलं असं मानलं तरी लीटरमागे शंभर मिलिग्रॅम वाढतं. त्यातलं सल्फेट पन्नास-साठ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याला सल्फेटची मर्यादा लीटरला दोनशे मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका वर्षात पाणी विषारी होत नाही. पण पाणी जड होतं, आणि विहीर किंवा पाझर तलावात तेच पाणी वर्षानुवर्षे साचून राहतं. आपल्या भागातल्या विहिरींचं पाणी आधीच जड आहे. डाळ शिजत नाही, ठिबकच्या नळ्या पांढऱ्या होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात ही भर कशाला?

दुसरी गोष्ट तळाशी घडते. मूर्तीबरोबर निर्माल्य जातं. फुलं, दुर्वा, पत्री कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. प्राणवायू संपला की गाळातले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि त्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. विसर्जनानंतर आठ-दहा दिवसांनी काठाला तसा वास आला, गाळ काळा पडला आणि सकाळी मासे वर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर समजा पाण्यातला प्राणवायू संपत आलाय.

तिसरा आणि सगळ्यात वाईट भाग रंगाचा. पिवळ्या रंगात शिसं आणि क्रोमियम असू शकतं, शेंदरी-लाल रंगात शिसं किंवा पारा. सोनेरी चमक बऱ्याचदा तांब्या-जस्ताच्या भुकटीची असते, आणि तांबं माशांना फार थोडं असलं तरी बाधतं. घरगुती रंगातल्या शिशावर देशात २०१७ पासून कडक मर्यादा आहे, पण मूर्तीला लागलेला रंग कुठून आणि कोणत्या डब्यातून आला हे गिऱ्हाइकाला कळत नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लीटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम शिसं एक लाख लीटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. जिप्समचा हिशेब किलोत होता, हा ग्रॅममध्ये आहे.

शिसं सगळंच पाण्यात राहत नाही, बरंचसं गाळात बसतं. मग तलाव स्वच्छ झाला का? नाही. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तोच गाळ ट्रॅक्टरने आपण वावरात आणतो. आपली काळी जमीन शिसं धरून ठेवते, पिकात थोडंच जातं, हे खरं. पण जमिनीतून ते निघतही नाही. युरिया धुऊन जातो, शिसं जात नाही.

मूर्ती विरघळवायची एक पद्धत

पीओपीची मूर्ती आणलीच असेल तर तिचं काय करायचं? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, यावर उपाय काढला आणि पुणे महापालिकेने २०१६ पासून तो लोकांपर्यंत नेला. त्यात अमोनियम बायकार्बोनेट वापरतात. बेकरीवाले नानखटाई, बिस्किटं फुलवायला वापरतात तेच.

पद्धत अशी. हार, कापड, दागिने, निर्माल्य काढून घ्या. मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी प्लास्टिकच्या ड्रममध्ये घ्या. मूर्तीच्या वजनाइतकंच अमोनियम बायकार्बोनेट त्यात टाका, दोन किलोची मूर्ती तर दोन किलो. उत्तरपूजा करून मूर्ती त्यात सोडा. दोन-तीन तासांनी लाकडी काठीने पाणी हलवत राहा. ड्रम उघड्यावर ठेवा, कारण अमोनियाचा उग्र वास येतो. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. ब्लिचिंग पावडर किंवा दुसरं काही त्यात मिसळू नका, लहान पोरांना लांब ठेवा. साधारण दोन दिवसांत मूर्ती विरघळते, मोठी असेल तर जास्त वेळ लागतो.

खाली पांढरा गाळ बसतो, तो खडूचा पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, जे आपण खत म्हणून गोणीने विकत घेतो. दोन किलोच्या मूर्तीतून साधारण दीड किलो अमोनियम सल्फेट निघतं. त्यातला नत्र तीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाऊण किलोहून थोडा कमी युरिया. हे पाणी तसंच झाडाला घातलं तर मुळं जळतील, निदान दहापट पाणी घालून पातळ करा. आणि मूर्तीचा रंगही याच पाण्यात उतरलेला असतो, म्हणून ते बांधावरच्या निंबाला, बाभळीला घाला. मेथी, कोथिंबीर, वांग्याला नको.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मूर्तीला तैलरंगाचा जाड थर असेल तर पाणी आत जात नाही, मूर्ती तशीच राहते. तेव्हा मागच्या बाजूने आणि बुडाकडून रंग थोडा खरवडावा लागतो. आतला काथ्या आणि तार विरघळत नाही, ती वेगळी काढावी लागते. आणि मंडळाच्या आठ फुटी मूर्तीला हे घरगुती काम नाही.

मूर्ती कशाची, कसं ओळखायचं?

राज्याच्या नियमाप्रमाणे पीओपी मूर्तीच्या मागे लाल खूण असायला हवी. खूण नसेल तर मूर्ती उलटी करून बुडाला नखाने खरवडा आणि पाण्याचा थेंब लावा. माती असेल तर चिखल होऊन बोटाला लागेल, ओल्या मातीचा वासही येईल. पीओपी असेल तर पांढरी भुकटी निघेल आणि ती मऊ पडणार नाही. त्याच आकाराची शाडूची मूर्ती हाताला जड लागते.

पण शाडूची म्हणून थेट तलावात, असंही नको. माती विरघळते, पण तिच्यावरचा रंग तोच असेल तर अपायही तोच. शाडूची बिनरंगी किंवा हळद-गेरूने रंगवलेली मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित करून ते पाणी तुळशीला घातलं की काम झालं. आपल्याकडे गुलाबाई मातीची असायची, पोळ्याचे बैलही मातीचेच. हे काही नवीन शिकायचं नाही.

गावाने एक प्रश्न विचारावा

गावाला हौद करायला मोठा खर्च नाही. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल खड्डा खणून शेततळ्याचा कागद अंथरला की नऊ हजार लीटर पाणी मावतं. घरगुती मूर्तींना तेवढं पुरे. शाडूच्या आणि पीओपीच्या मूर्तींना खड्डे मात्र वेगळे करा.

घोळ होतो तो नंतर. दिवसभर हौदात आरत्या, फोटो होतात, आणि रात्री ट्रॉली भरून त्याच मूर्ती नाल्यात किंवा नदीत जातात. तसं झालं तर हौदाचा उपयोग शून्य. म्हणून ग्रामसेवक आणि सरपंचांना विसर्जनाआधीच विचारा : हौदातून निघालेल्या पीओपीच्या मूर्ती कुठे जाणार, कोण नेणार, आणि हौदातलं रंगीत पाणी कुठे सोडणार? उत्तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून घ्या.