नफा नको, क्लोजिंग दाखव

लंडनमधल्या माझ्या फ्लॅटमेटने एकदा मोठ्या अभिमानाने त्याची एक्सेल शीट दाखवली. प्रीमियर लीगवर लावलेल्या 200 बेट्स, सगळ्या साधारण 2.00 भावाच्या, आणि नफा 9 टक्के. "मला गेम कळतो रे," असं त्याचं म्हणणं.

मला हे 'कळणं' मान्य नाही. 2.00 च्या भावात प्रत्येक बेट एकतर दुप्पट होते किंवा बुडते. अशा 200 बेट्सच्या सरासरी नफ्यात निव्वळ नशिबाने 7 टक्के इकडेतिकडे होणं अगदी सामान्य आहे. काहीही न कळणाऱ्या दहा जणांतल्या एकाची शीट अशीच दिसेल. उरलेले नऊ शीट दाखवत नाहीत, एवढंच.

त्यापेक्षा मॅच सुरू होतानाचा शेवटचा भाव बघा. तोपर्यंत दुखापती, टीम, मोठे पैसे, सगळं भावात उतरलेलं असतं. पण तुलना कशाशी करायची, इथेच लोक स्वतःला फसवतात. त्याने एका मॅचमध्ये यजमानांवर 2.04 घेतला होता. पिनॅकलचा शेवटचा भाव होता यजमान 2.00, बरोबरी 3.60, पाहुणे 4.00. "बघ, क्लोजिंगला हरवलं!" नाही हरवलं. या तीन भावांचे व्यस्तांक मिळवले तर 1.028 येतात, वरचे 0.028 म्हणजे बुकीचं मार्जिन. ते काढलं की यजमानांची शक्यता उरते 48.6 टक्के, म्हणजे खरा भाव 2.06 च्या आसपास. आमचे साहेब 2.04 घेऊन जवळपास टक्काभर तोट्यात होते. त्याच वेळी दुसऱ्या बुकीकडे 2.10 मिळत होता. तिथे घेतला असता तर दोन टक्के फायद्यात.

म्हणजे पाचसहा बुकींचे भाव पडताळणं, हे कंटाळवाणं काम, त्याच्या फुटबॉलज्ञानापेक्षा जास्त कमावून देत होतं. मात्र तोही फुटबॉल कळल्याचा पुरावा नव्हे! एक बुकी भाव बदलायला उशीर करतो आणि तुम्ही ते पकडता, इतकंच. आणि तो बुकी काही मूर्ख नसतो. सतत क्लोजिंगपेक्षा चांगला भाव उचलणाऱ्याची बेट तो काही पौंडांवर आणून ठेवतो.

फुटबॉलची समज सिद्ध करायची तर पिनॅकलसारख्या बुकीचाच सकाळचा भाव घ्यायचा आणि मार्जिन काढलेल्या त्याच्याच क्लोजिंगशी ताडायचा. हा आकडा प्रत्येक बेटमागे जेमतेम चारपाच टक्के हलतो, त्यामुळे 200 बेट्सही पुरतात. खालच्या डिव्हिजनमध्ये मात्र ही कसोटी कच्ची: तिथे पैसाच इतका कमी की तुमच्या स्वतःच्या बेटनेही भाव सरकतो, आणि तुम्ही स्वतःलाच हरवत बसता.

फ्लॅटमेटच्या शीटमध्ये मी क्लोजिंगचा कॉलम घालून दिला. 200 बेट्सची सरासरी आली उणे 1.4 टक्के. त्याने तो कॉलम हाइड करून ठेवला आहे.