मुलाचा श्वास वाजतो तेव्हा

'घसा सुजलाय' हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यात काही धोका असेल असे कोणाच्या मनात येत नाही. मोठ्या माणसाचा घसा सुजला तर आवाज बसतो, गिळताना दुखते, मिठाच्या गुळण्या केल्या की दोन-चार दिवसांत बरे वाटते. तेवढीच सूज दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या स्वरयंत्राखाली आली तर एका रात्रीत जिवावर बेतू शकते. अशा वेळी घरोघरी जे उपाय केले जातात, त्यांतले बरेचसे मुलाला रडवणारे असतात आणि म्हणूनच ते बंद व्हायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजायला थोडे गणित पाहावे लागेल.

वैद्यकीय पुस्तकांत हा हिशेब असा मांडतात. तान्ह्या मुलाच्या श्वासमार्गाचा व्यास 4 मिलिमीटर धरा आणि मोठ्या माणसाचा 8 मिलिमीटर. दोघांनाही आतून सगळीकडे फक्त 1 मिलिमीटर सूज आली. मोठ्या माणसाची वाट 6 मिलिमीटर उरली, म्हणजे निम्म्याहून अधिक जागा अजून मोकळी आहे. मुलाची वाट मात्र 2 मिलिमीटरवर आली, म्हणजे जागा चौथा हिस्साच राहिली. एवढ्यावर हे थांबत नाही. नळी निम्मी अरुंद झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा हा नियम प्वाझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात शोधला आणि शांतपणे चाललेल्या श्वासालाही तो लागू पडतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत हाच अडथळा जेमतेम तिप्पट होतो. मूल रडू लागले की हवा जोराने, भोवरे घेत आत ओढली जाते आणि अडथळा आणखी वाढतो. रडण्याची भीती मी घालतो ती यासाठी.

जागाही नेमकी अडचणीची असते. स्वरयंत्राच्या लगेच खाली कूर्चेचे एक कडे आहे. ते अंगठीसारखे पूर्ण गोल असते. त्याखालची श्वासनलिकेची कडी मागच्या बाजूला उघडी असतात, हे मात्र बंद असते. त्यामुळे तिथली सूज बाहेर फुगू शकत नाही, आतच येते. मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते. डोक्याचा मागचा भागही मोठा असल्याने मूल सपाट निजवले की मान पुढे वाकते आणि वाट आणखी दबते. बरगड्या मऊ असल्याने जोराचा श्वास घेताना छाती फुलण्याऐवजी आत ओढली जाते. त्यात वजनाच्या हिशेबाने मुलाला प्राणवायू मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट लागतो. म्हणजे गरज दुप्पट, वाट अरुंद आणि दमणारे स्नायू.

आता प्रत्यक्ष आजार पाहू. त्याला आम्ही क्रूप म्हणतो. तो बहुधा विषाणूंमुळे होतो आणि सहा महिने ते तीन वर्षे या वयात जास्त दिसतो. मागच्या थंडीत दीड वर्षाच्या, दहा किलो वजनाच्या एका मुलीला रात्री दीड वाजता माझ्याकडे आणले. दोन दिवस साधी सर्दी, थोडा ताप. रात्री अचानक जाग आली ती कुत्र्याचे पिल्लू भुंकावे तशा खोकल्याने. आवाज बसलेला, आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज येत होता. आजीने पडजीभ उचलावी म्हणून घशात बोट घातले. मुलीने आकांत केला आणि गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत जाऊ लागली.

मी तिला तपासणीच्या टेबलावर घेतले नाही. आईच्या मांडीवरच बसू दिले. घशात चमचा घातला नाही, सुई टोचली नाही. झबले वर करून छाती पाहिली आणि श्वास मोजले. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे औषध वजनाप्रमाणे 6 मिलिग्रॅम, एकदाच, तोंडाने दिले. शांत बसलेली असतानाही आवाज येत होता आणि छाती ओढली जात होती, म्हणून नेब्युलायझरमधून ॲड्रिनॅलिनची वाफ दिली. मास्क आईने चेहऱ्याजवळ धरला. पंधरा-वीस मिनिटांत आवाज कमी झाला. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता नेऊ का घरी?" मी नाही म्हटले. ॲड्रिनॅलिनचा परिणाम सुमारे दोन तासांत ओसरतो आणि त्रास पुन्हा उलटू शकतो. गोळीच्या औषधाला मात्र लागू पडायला तास-दोन तास लागतात, पण नंतर ते दिवसभर पुरते. हे दोन्ही जुळेपर्यंत, चार तास, मुलगी माझ्या नजरेसमोर होती. सकाळी ती घरी गेली.

पालकांचा आग्रह बहुधा अँटिबायोटिकचा, खोकल्याच्या बाटलीचा किंवा सलाईनचा असतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, खोकल्याच्या औषधाने ही सूज उतरत नाही, आणि सलाईनची सुई मुलाला रडवते. गरम पाण्याच्या वाफेचा क्रूपमध्ये उपयोग सिद्ध झालेला नाही. भाजलेली मुले मात्र आम्ही पाहतो.

घरी काय पाहावे? मूल शांत असताना अंगातले काढा आणि मिनिटभर नुसते बघा. खोकला भुंकल्यासारखा आहे, पण मूल खेळते, पाणी पिते आणि कर्कश आवाज फक्त रडतानाच येतो, तर त्याला कडेवर ताठ धरा, घोट घोट पाणी द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शांत बसलेले असतानाही आवाज येतो, गळ्याची खळी किंवा बरगड्यांमधली जागा आत जाते, तर सकाळची वाट पाहू नका. करोनानंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. त्यावर 97 दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. या आजारात प्राणवायू शेवटी उतरतो, छाती आधी सांगते. आणि एवढा वेळ धडपडणारे मूल अचानक गप्प, मलूल झाले, आवाजही मंदावला, तर ते बरे झाले असे नव्हे, दमले आहे.

आणखी दोन प्रसंग वेगळे ओळखावेत. खोकला नाही, पण एकदम जोराचा ताप, तोंडातून लाळ गळते, मूल पुढे वाकून बसते, तर स्वरयंत्रावरची झडप सुजलेली असू शकते. 2011 पासून टप्प्याटप्प्याने आपल्या सरकारी लसीकरणात आलेली पेंटाव्हॅलेंट लस यामागच्या मुख्य जंतूपासून संरक्षण देते. लस चुकलेली असेल तर हे अधिकच लक्षात ठेवा. आणि सर्दी-ताप नसताना खेळता खेळता एकाएकी ठसका लागून श्वास वाजू लागला, तर शेंगदाणा किंवा तसे काही आत गेले असावे. दोन्हींत थेट मोठे रुग्णालय गाठा.

रुग्णालयात नेताना मूल आईच्या कुशीत, बसलेले असू द्या. जबरदस्तीने आडवे करू नका, घशात बोट किंवा चमचा घालू नका आणि सोबत जितकी कमी माणसे तितके बरे. एवढे झाले तर मूल आमच्यापर्यंत कमी दमून पोचते, आणि औषधाला काम करायला वेळ मिळतो.