वेग म्हणजे चाल नव्हे, पण मुलांना हे सांगतो कोण?

सातवीच्या वर्गात गतीचा पाठ चालू होता. मी विचारलं, "एक मुलगा घरून शाळेत गेला आणि त्याच रस्त्याने परत घरी आला. पूर्ण फेरीत त्याचा सरासरी वेग किती?" पुस्तकाप्रमाणे उत्तर शून्य. एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, वेग शून्य म्हणजे तो जागेवरच उभा होता ना? मग शाळेत गेला कसा?" वर्ग हसला. मला मात्र वाटलं, चूक तिची नाही. आपण तिला एकाच शब्दाचे दोन अर्थ दिले आणि ते दोन आहेत हे सांगितलंच नाही.

बघा ना, घरात आपण म्हणतो, "गाडीचा वेग कमी कर." रस्त्यावर पाटी असते, वेगमर्यादा. शिष्यवृत्तीच्या तयारीत आपणच शिकवतो, "काळ, काम, वेग". आगगाडीचा ताशी वेग ६० किमी, तर ३ तासांत किती अंतर? या सगळ्या ठिकाणी वेग म्हणजे इंग्रजीतला स्पीड. मग सातवीत विज्ञानाचं पुस्तक सांगतं की स्पीडला म्हणायचं चाल आणि व्हेलॉसिटीला म्हणायचं वेग. इतकी वर्षं ज्याला वेग म्हटलं, त्याचं नाव एका दिवसात बदललं. त्यात चाल हा शब्द मुलांना माहीत असतो तो गाण्याची चाल किंवा बुद्धिबळातली चाल म्हणून.

काही पालक म्हणतात, "त्यापेक्षा इंग्रजी शब्दच शिकवा." त्याने प्रश्न सुटत नाही. बोलण्यातल्या इंग्रजीत स्पीड आणि व्हेलॉसिटी यांचाही अर्थ जवळपास एकच. दिशेचा फरक विज्ञानाने ठरवून घातलेला आहे, तो कोणत्याही भाषेत मुद्दाम सांगावाच लागतो.

मी आता तो असा सांगतो. फळ्यावर नकाशा काढायचा. घरापासून पूर्वेला ४०० मीटर, तिथून काटकोनात वळून उत्तरेला ३०० मीटर, की शाळा. चालायला लागले ५०० सेकंद. पायाखालून गेलं ते अंतर, ७०० मीटर. घरापासून शाळेपर्यंत सरळ रेघ ओढली की ते विस्थापन, ५०० मीटर. अंतराला वेळेने भागलं की सरासरी चाल मिळते, दर सेकंदाला १.४ मीटर. विस्थापनाला वेळेने भागलं की सरासरी वेग मिळतो, दर सेकंदाला १ मीटर, आणि त्याच्यापुढे दिशा लिहायचीच : घराकडून शाळेकडे. मुलगा तोच, वेळ तोच, आकडे मात्र दोन. आता परतीची फेरी घ्या. अंतर झालं १४०० मीटर, पण सुरुवात आणि शेवट एकाच जागी, म्हणून विस्थापन शून्य आणि पूर्ण फेरीचा सरासरी वेगही शून्य. त्या मुलीला स्वतःच कळलं. ती म्हणाली, "म्हणजे तो चालला खूप, पण सरकला नाही." मी व्याख्येऐवजी हेच वाक्य वहीत लिहायला लावलं.

आपण एका ठिकाणी हमखास फसतो. सरळ रस्त्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या गाडीचं उदाहरण दिलं, तर चाल आणि वेग यांचा आकडा सारखाच येतो. मूल बरोबर उत्तर देतं आणि आपल्याला वाटतं समजलं. म्हणून तपासायचं असेल तर वळण असलेला रस्ता किंवा परतीची फेरीच द्यावी.

हे सातवीत कच्चं राहिलं की नववीत अडतं. तिथे एकसमान वर्तुळाकार गती येते. जत्रेतला पाळणा एकाच चालीने फिरतोय, तरी पुस्तक म्हणतं वेग बदलतोय आणि त्वरण आहे. ज्याच्या मनात वेग म्हणजे गाडीच्या काट्यावरचा आकडा, त्याला हे कोडंच वाटणार. खरं तर तो काटा चाल दाखवतो, दिशा दाखवत नाही. पाळण्यात दिशा क्षणोक्षणी बदलते, म्हणून वेग बदलतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरातला वेग चुकीचा आहे असं मुलांना सांगू नका. तो बोलण्यात बरोबरच आहे. पाचवीच्या गणितातही वेग राहू द्या. पण सातवीच्या पहिल्याच तासाला फळ्यावर दोन रकाने करा. एकात 'बोलताना', दुसऱ्यात 'विज्ञानात'. बोलताना आपण ज्याला वेग म्हणतो त्याला विज्ञानात चाल म्हणतात, आणि विज्ञानातला वेग म्हणजे चाल अधिक दिशा. सेमीच्या मुलांसाठी शेजारी स्पीड आणि व्हेलॉसिटी लिहा. पालकांनीही घरी एक करावं. मूल म्हणालं "वेग", की विचारावं, "कुठल्या दिशेने?" दिशा सांगता आली नाही, तर ती चाल.